यादीतली बारा लक्षणं जुळली, म्हणून घड्याळ खरं ठरत नाही

प्रश्न: काका, गुहागरच्या एका ओळखीच्या माणसाकडे दुबईहून आणलेलं रोलेक्स सबमरीनर आहे. सेकंड हँड, काळं डायल, कार्डासकट. साडेपाच लाख सांगतोय. खरं-खोटं ओळखायची नेटवरची यादी घेऊन बाराही लक्षणं तपासली, सगळी बरोबर निघाली. आता घ्यायला हरकत नाही ना?

उत्तर:

थांबा, पैसे देऊ नका. बारा लक्षणं जुळली यावरून एवढंच कळतं, की ते वीस वर्षांपूर्वीचं वाईट डुप्लिकेट नाही. ते खरं आहे की आजचं चांगलं डुप्लिकेट आहे, याबद्दल ती यादी काही सांगूच शकत नाही. का, ते नीट सांगतो, कारण रक्कम लहान नाही.

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान वडिलांपासून आहे. मी १९८६ पासून बाकावर बसतो. सुरुवातीला समोर येणारी निम्मी घड्याळं एचएमटीची असायची. पण आपल्या पट्ट्यात, म्हणजे खेड, दापोली, मंडणगड, गुहागरकडे, जवळपास प्रत्येक वाडीतलं कोणी ना कोणी आखातात. त्यामुळे एवढ्याशा गावात बसूनही मोठ्या कंपन्यांची घड्याळं हाताखालून गेली, आणि त्यांची डुप्लिकेटं तर कितीतरी जास्त. ही डुप्लिकेटं कशी बदलत गेली ते मी एकाच खुर्चीवरून पाहिलं आहे.

पहिल्या काळात काम सोपं होतं. आत सेलवर चालणारं स्वस्त मशीन असायचं आणि सेकंदकाटा टकटक उड्या मारत जायचा. खऱ्या रोलेक्सचा काटा सरकत जातो, कारण त्याचं मशीन तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला आठ. यादीतलं पहिलं लक्षण इथून आलं: काटा टकटकला की खोटं. मग डुप्लिकेटवाल्यांनी चावीचं, म्हणजे आपोआप चावी बसणारं ऑटोमॅटिक मशीन घातलं. ते तासाला २१,६०० ठोक्यांचं होतं, सेकंदाला सहा. दुरून सरकल्यासारखं दिसायचं, पण डोळ्याला आय ग्लासचं भिंग लावलं की काटा किंचित अडखळताना दिसायचा. तेव्हा आम्ही लोक ग्राहकाला सांगायचो, 'काटा किती मऊ जातो ते बघा.' पुढे स्वित्झर्लंडच्या ईटीए कंपनीच्या जुन्या मशीनांची पेटंटं संपली आणि चीनमध्ये तशीच मशीनं उघडपणे बनू लागली. तीही २८,८०० ठोक्यांची. त्या दिवशी सेकंदकाट्याचं लक्षण मेलं. यादीत मात्र ते आजही पहिल्या नंबरावर आहे, आणि तुम्हीही ते तपासून खूण केली असणार.

बाकीच्या लक्षणांचंही असंच झालं. तारखेवरचं भिंग खऱ्यात तारीख अडीच पट मोठी दाखवतं. जुन्या डुप्लिकेटात ती दीड पटच व्हायची, कारण योग्य भिंग घासायला पैसे लागतात. आज ते भिंग बरोबर असतं. काचेत सहाच्या खाली बारीक मुकुट कोरलेला असतो. रोलेक्सने तो साधारण २००२ पासून आणला. डुप्लिकेटात सुरुवातीला तो नव्हताच. मग आला तेव्हा इतका ठळक होता, की उजेडात सहज दिसायचा. म्हणून यादीत वाक्य आलं, 'मुकुट सहज दिसला तर खोटा.' आता तोही लेझरच्या बारीक ठिपक्यांनी बनलेला असतो आणि शोधायला खऱ्याइतकाच त्रास देतो. डायलभोवतीच्या आतल्या कड्यावर कंपनीचं नाव पुन्हा पुन्हा कोरलेलं असतं, त्यातली अक्षरं डायलच्या खुणांशी रेषेत हवीत, हे लक्षणही असंच आलं आणि असंच गेलं. वजनाचं तेच. इतकंच काय, रोलेक्स वापरते ते ९०४एल जातीचं स्टीलही आता वरच्या दर्जाच्या नकलांना लावतात.

यातली मेख लक्षात घ्या. यादीतलं प्रत्येक लक्षण म्हणजे डुप्लिकेटवाल्याने कधीतरी वाचवलेला खर्च. अडीच पट भिंग त्याला जमत नव्हतं असं नाही. पाच हजारांना विकायच्या घड्याळात ते परवडत नव्हतं. आज वरच्या दर्जाची नक्कलच चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जाते, आणि घेणारे घेतात. मग त्याला खर्च करायला मोकळीक मिळते. तो खरं घड्याळ विकत घेतो, सुटं करतो, भाग न् भाग मोजतो. बाजारात माल आला की हौशी लोक खऱ्याशेजारी ठेवून मोठे फोटो काढतात, अमुक अक्षर जाड, तमुक काटा अर्ध्या केसाने आखूड, असं लिहितात. पुढच्या खेपेत ते अक्षर बारीक होऊन येतं. खोटं कसं ओळखावं हे जाहीरपणे लिहिणारा माणूस नकळत कारागिराला दुरुस्तीची यादी देत असतो. ग्राहकाच्या हातातली यादी जुनीच राहते, कारागिराच्या हातातली रोज नवी होते.

यावरून एक कामाची गोष्ट निघते. कारागीर पैसे घालतो ते फोटोत येणाऱ्या जागी. जिथे विकत घेणाऱ्याचा डोळा पोचत नाही, तिथे तो अजूनही वाचवतो. म्हणून बघायचं ते यादीत नसलेल्या जागी.

हे मला पुराने शिकवलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं ते तुम्हाला सांगायला नको. पाणी उतरल्यावर महिनाभर माझ्याकडे चिखलातली घड्याळं येत होती. एरवी चांगल्या चालणाऱ्या घड्याळाचं मशीन मुळापर्यंत कोण सुटं करतं? त्या वेळी प्रत्येक घड्याळ पूर्ण सुटं करून धुवावं लागलं, डायल काढून, तारखेची चकती काढून, खालच्या प्लेटपर्यंत. त्यात खरी होती, डुप्लिकेट होती, आणि मालकाला वर्षानुवर्षं खरी वाटलेली डुप्लिकेटंही होती. दोन्ही प्रकारची हाडं शेजारी शेजारी ठेवून बघायला मिळाली. वरून सारखी दिसणारी घड्याळं डायलच्या खाली अजिबात सारखी नव्हती.

आता तुमच्यासारखीच एक केस सांगतो. दीडेक वर्षापूर्वी एक गृहस्थ शारजाहून आणलेलं सबमरीनर घेऊन आले. मॉडेल ११६६१०, म्हणजे काचेभोवती चिनीमातीचं काळं बेझल असलेलं, २०१० ते २०२० या काळात कंपनीने बनवलेलं. त्यांना ते विकायचं होतं आणि घेणाऱ्याने 'आधी दाखवून आणा' म्हटलं होतं. बरोबर हिरवी पेटी, कार्ड, सगळं.

मी बाहेरून सुरुवात केली. दहा पट आय ग्लासखाली डायलची छपाई कडेपर्यंत तीव्र. काचेतला मुकुट जागेवर. आतल्या कड्यावरची कोरणी सरळ, सहाच्या जागी सिरियल नंबर, आणि तो कार्डाशी जुळणारा. काळोखात खुणा निळ्या उजळत होत्या, त्या मॉडेलला तशाच हव्यात. चेनच्या कड्या भरीव, क्लिप घट्ट. खरं सांगतो, बाहेरून मला एकही बोट ठेवता आलं नाही. कोणी नुसतं हातात घेऊन 'ओरिजिनल आहे' म्हणालं असतं, तर मी त्याला मूर्ख म्हटलं नसतं.

मग टाइमिंग मशीनवर लावलं. हे यंत्र घड्याळाचा ठोका ऐकून तीन गोष्टी सांगतं: दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, वेळ राखणारं, पुढे-मागे झुलणारं बॅलन्स चाक किती अंश झोका घेतं, आणि दोन्ही बाजूंचे ठोके समान अंतराने पडतात का. पूर्ण चावीवर, डायल वर करून, दिवसाला चार सेकंद पुढे आणि झोका २७५ अंश. एखादं खरं घड्याळही असंच दाखवेल. इथे बरेच दुरुस्तीवालेसुद्धा 'पास' म्हणतात. मी ते रात्रभर ठेवून घेतलं. चोवीस तासांनी, चावी न भरता, उभ्या स्थितीत झोका २०० अंशांच्या आसपास आला आणि वेळ एका स्थितीपासून दुसऱ्या स्थितीत पंधरा-सोळा सेकंदांनी हलू लागली. या मॉडेलच्या चांगल्या स्थितीतल्या मशीनमध्ये इतकी घसरण होऊ नये. पण एवढ्यावर खोटं म्हणता येत नाही. आठ-दहा वर्षं सर्व्हिसिंग न झालेलं खरं घड्याळही तेल सुकून असंच वागतं. म्हणून टाइमिंग मशीनचा कागद दाखवून कोणी 'हे बघा, प्लस दोन सेकंद, म्हणजे ओरिजिनल' म्हणालं तर मनावर घेऊ नका. तो कागद घड्याळाची तब्येत सांगतो, जात सांगत नाही.

मालकाला विचारून झाकण उघडलं. आत ३१३५ नंबरचं मशीन हवं होतं, आणि पहिल्या नजरेला तेच होतं. चाकांना वरून धरणाऱ्या पुलांचे आकार तेच, लालसर रंगाची दोन चाकं तीच, बॅलन्सच्या दोन्ही बाजूंना टेकलेला पूल तोच, बॅलन्सला झुलवणारी निळी हेअरस्प्रिंगही होती. पूर्वीच्या डुप्लिकेटात झाकण उघडलं की खेळ संपायचा, कारण आत सरळ वेगळंच मशीन असायचं. किंवा वेगळ्या मशीनवर दिखाऊ पत्रा बसवलेला असायचा आणि वेग कमी-जास्त करायची दांडी बाहेर डोकावायची. रोलेक्सच्या ३१३५ मध्ये ती दांडी नसते. बॅलन्सच्या रिंगमध्ये आतून चार बारीक नट असतात, ते फिरवून वेळ जुळवतात. या घड्याळात दांडी नव्हती, नटही होते. म्हणजे 'झाकण उघडून मशीन बघा' हा सल्लासुद्धा आता जुना झाला.

तिथून पुढे मी फोटोत न येणाऱ्या जागा बघायला लागलो. पहिली म्हणजे स्क्रूची खाच. खऱ्या मशीनमध्ये स्क्रूच्या डोक्याची कड बारीक तासून चकचकीत केलेली असते आणि खाचेच्या दोन्ही भिंती स्वच्छ असतात. इथे वर दिसणारे मोठे स्क्रू तसेच होते, पण आपोआप चावी भरणारं फिरतं वजन, म्हणजे रोटर, काढल्यावर त्याच्याखाली दबलेले दोन लहान स्क्रू साधेच होते, खाचेच्या टोकाला धातूची लव तशीच. कारागिराने दिसणाऱ्या स्क्रूंवर खर्च केला आणि रोटरखालचे तसेच सोडले. दुसरी जागा कोरलेल्या अक्षरांचा तळ. अक्षराचा आकार बरोबर होता, पण भिंग वाढवल्यावर तळाशी खडबडीत, करपल्यासारखं दिसत होतं. आणि तेल. खऱ्या सर्व्हिसिंगमध्ये चाकांचे आस ज्यात फिरतात त्या प्रत्येक माणकाच्या वाटीत तेलाचा एक नेमका गोल थेंब असतो. इथे काही माणकं कोरडी आणि एकाभोवती तेल पसरलेलं. आदल्या रात्रीची घसरण तिथून होती.

तरीही मी मालकाला म्हटलं, 'मला नव्वद टक्के खात्री आहे, पण तुमची परवानगी असेल तर काटे आणि डायल काढून बघतो.' ते तयार झाले. डायल उचललं, तारखेची चकती काढली, आणि शंका उरली नाही. ३१३५ च्या डायलखालच्या प्लेटवर, जी सर्व्हिसिंगशिवाय जगात कोणी बघत नाही, तिथेही एकमेकांत गुंतलेल्या बारीक गोल नक्षीचं फिनिशिंग असतं. या घड्याळात प्लेट सपाट होती, मशिनच्या कटरच्या समांतर रेघा तशाच, आणि कॅलेंडरच्या चाकाच्या दातांना नखाला लागेल एवढी लव. गृहस्थ बराच वेळ आय ग्लासमधून बघत राहिले. मग त्यांनी पुराच्या वेळचा माझ्याकडचा खऱ्या मशीनचा फोटो मागितला, शेजारी धरून पाहिला, आणि 'बंद करा' म्हणाले. कार्डावरचा नंबर घड्याळाशी जुळत होता ना? जुळणारच. नंबर आणि कार्ड एकाच माणसाने छापले होते. एक खरा नंबर उचलून तो कितीही नकलांवर टाकता येतो, आणि नंबर टाकून खरेपणा तपासावा अशी सोय कंपनीने सर्वसामान्य ग्राहकाला दिलेली नाही.

डायलखालची नक्षी हे आता नवं लक्षण म्हणून लिहून ठेवू नका, ही विनंती. आज माझ्या बाकावर ते चाललं. उद्या कोणीतरी तीही नक्षी मारेल, कारण ती मारणं अवघड नाही, फक्त वेळखाऊ आहे. मला निळ्या हेअरस्प्रिंगचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. रोलेक्सची निळी स्प्रिंग नायोबियम आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूची असते, चुंबकाचा तिच्यावर परिणाम होत नाही. तो तिचा खरा गुण. पण याद्यांमध्ये 'स्प्रिंग निळी हवी' एवढंच लिहिलं गेलं. मग नकलेत स्प्रिंग निळी आली, धातू मात्र साधा राहिला. जेवढं लिहिलं जातं तेवढंच नकलेत उतरतं.

आता याची दुसरी बाजू सांगतो, ती मला जास्त लागते. हीच यादी खऱ्या घड्याळाला खोटं ठरवते.

दापोलीकडचे एक आजोबा कुवेतला होते. १९८९ मध्ये तिथे त्यांनी सबमरीनर घेतलं, मॉडेल १६६१०. पुढच्या वर्षी इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी विमानात बसले, ते घड्याळ मनगटावर ठेवून. ते गेल्यावर नातवाने यादी घेऊन तपासणी केली. काचेत मुकुट नाही. आतल्या कड्यावर कोरणी नाही, सिरियल नंबरही नाही. अंधारात चमकत नाही. चेन हलकी, खुळखुळणारी. घड्याळाच्या केसला चेन जिथे अडकते त्या शिंगांना आरपार भोकं. बारापैकी पाच लक्षणांत नापास. घरात सगळ्यांनी मान्य केलं, की आजोबांना कुवेतमध्ये कोणीतरी फसवलं. नातू ते माझ्याकडे घेऊन आला तो फक्त काच बदलून मिळेल का विचारायला, आणि जाताना म्हणाला, 'काका, नाही झालं तर राहू दे, डुप्लिकेटच आहे.'

मी चेन काढली. त्या काळात सिरियल नंबर आतल्या कड्यावर नव्हे, तर सहाच्या बाजूच्या दोन शिंगांमध्ये, चेनच्या आड कोरलेला असायचा, आणि बाराच्या बाजूला मॉडेलचा. चेन काढल्याशिवाय तो दिसतच नाही. नंबर तिथे होता, 'एल' अक्षराने सुरू होणारा, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या अगदी शेवटचा. काचेतला मुकुट तेव्हा जन्मालाच आला नव्हता, कड्यावरची कोरणी तर त्याच्याही नंतरची. शिंगांना आरपार भोकं त्या मॉडेलला २००३ च्या सुमारापर्यंत असायची. चेन हलकी, कारण तिच्या टोकाच्या कड्या त्या वेळी पोकळ असायच्या.

आणि अंधारात न चमकण्याचं कारण मला फार आवडतं. डायलच्या तळाशी बारीक अक्षरांत 'स्विस'च्या जोडीला 'टी<२५' असं लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ खुणांमध्ये ट्रिटियम आहे. ट्रिटियमची शक्ती दर बारा वर्षांच्या आसपास निम्मी होते. पस्तीस वर्षांत ती आठवा हिस्सा उरते, आणि चमकणारं रसायनही तोवर थकतं. त्यामुळे ते घड्याळ अंधारात चमकत नव्हतं, हाच त्याच्या खरेपणाचा पुरावा होता. 'टी<२५' लिहिलेलं डायल रात्रभर झगझगीत हिरवं पेटत असेल, तर उलट मला संशय येईल, की डायल नवं आहे किंवा खुणा नव्याने भरल्या आहेत. आजोबांच्या घड्याळात खुणांचा रंग सायीसारखा पिवळसर झाला होता आणि काट्यांमधलाही तसाच, एका छटेचा फरक नाही. दोन्ही एकाच वयाचे आहेत हे त्या रंगाने सांगितलं. आत ३१३५ मशीन, तेल पूर्ण सुकलेलं, पण स्क्रूच्या खाचेपासून डायलखालच्या नक्षीपर्यंत सगळं जिथल्या तिथे. टाइमिंग मशीनवर ते शारजाच्या नकलेपेक्षा कितीतरी वाईट चाललं. नातवाला सांगितलं तेव्हा त्याने आधी आईला फोन लावला.

म्हणून मी आता एकेका लक्षणाला मार्क देत नाही. मी विचारतो, हे सगळे भाग एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून बाहेर पडू शकतील का? नंबर ज्या काळाचा, डायलवरची अक्षरं त्याच काळाची हवीत, खुणांचं रसायन त्याच काळाचं, चेनच्या क्लिपमधला अक्षर-आकड्याचा कोड त्याच्या आसपासचा, आणि झीज सगळीकडे सारखी. तीस वर्षं वापरलेल्या घड्याळाची चेन सैल आणि शिंगांच्या कडा मात्र कोऱ्या, असं झालं की थांबायचं. जुळत नसलेला एखादा भाग म्हणजे लगेच फसवणूक नव्हे, कारण सर्व्हिसिंगमध्ये काच, काटे, क्लिप बदलल्या जातात. पण मग त्या बदलाची कहाणी मालकाला सांगता आली पाहिजे. मिक्स घड्याळं हा तर वेगळाच त्रास आहे: खरी केस आणि आत नकली मशीन, किंवा खरं डायल नकली केसमध्ये. तिथे झाकण उघडून मशीन खरं निघालं तरी काम संपत नाही, आणि केस खरी निघाली तरी संपत नाही.

तुमच्या व्यवहाराबद्दल आता. विकणाऱ्याला सरळ सांगा, 'झाकण उघडून, लागलं तर डायल काढून बघितल्यावर पैसे देईन. सर्व्हिसिंगचा आणि नव्या रबर सीलचा खर्च माझा.' ज्याला आपलं घड्याळ खरं असल्याची खात्री आहे तो सहसा कुरकुर करेल, पण तयार होईल. 'झाकण उघडलं की वॉटरप्रूफ जातं' असं तो म्हणेल. त्यात तथ्य आहे, म्हणून उघडणारा माणूस नीट हवा. दाते असलेल्या त्या झाकणाला योग्य मापाची डाय लागते, पान्याने ओढलं की कडेला कायमचे ओरखडे पडतात. सील बदलून प्रेशर टेस्ट करून द्यायला हवी. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर मी सकाळी दुकान उघडून एसी तासभर चालल्याशिवाय अशा घड्याळाचं झाकण काढतच नाही, नाहीतर आत गेलेली दमट हवा रात्री काचेवर धुकं होऊन बसते.

मी किंवा माझ्यासारखा कोणी बघितल्यावरही साडेपाच लाखांसाठी शेवटचा शब्द कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचाच घ्या. तिथे घड्याळ सर्व्हिसिंगला दिलं की ते आधी उघडून तपासतात, आणि खोटं असेल तर कामाला घेत नाहीत. विकणाऱ्यासह मुंबईला एक फेरी होईल, अंदाजपत्रकाला काही दिवस जातील. तोवर व्यवहार थांबू द्या. घाई कोण करतं तेही त्यात कळेल. बयाणा द्यायचाच असेल तर लहान द्या, आणि 'ओरिजिनल न निघाल्यास पूर्ण परत' असं सिरियल नंबरासकट लिहून सही घ्या.

विकणारा माणूस ओळखीचा आहे असं तुम्ही लिहिलं आहे. तो तुम्हाला फसवतोय असं मी म्हणत नाही. शारजावाल्या गृहस्थांनीही ते खरं समजूनच, खऱ्याच्या जवळपासच्या किमतीत घेतलं होतं. आज नक्कल विकणाऱ्यांमध्ये असे लोक बरेच असतात, ज्यांना आपल्या हातात काय आहे ते ठाऊक नसतं. त्यामुळे माणसाच्या प्रामाणिकपणावरून घड्याळाचा खरेपणा ठरवू नका. त्याला विचारा, हे कोणाकडून घेतलं, दुकानाचं मूळ बिल आहे का, आणि एवढ्या वर्षांत सर्व्हिसिंग कुठे झालं. नवंकोरं कार्ड दाखवण्यापेक्षा एखाद्या जुन्या सर्व्हिसिंगचा चुरगळलेला कागद मला जास्त सांगतो.

इकडे घेऊन येणार असाल तर विकणाऱ्यालाही बरोबर आणा, म्हणजे झाकण त्याच्या डोळ्यांदेखत उघडेल. चेन लहान करताना काढलेल्या कड्या असतील तर त्याही आणा. आदल्या दिवशी सकाळी घड्याळाला पूर्ण चावी भरा आणि मग हातात न घालता टेबलावर ठेवून द्या, म्हणजे आल्या आल्या चोवीस तासांनंतरचा झोका बघता येईल आणि तुमची एक रात्र वाचेल.